कर्जखात्याच्या उताऱ्याचा फोटो: हप्त्यातले मुद्दल कोणते आणि व्याज कोणते

कर्जखात्याचा उतारा साधारणपणे दोन रूपांत मिळतो. पहिल्या रूपात, म्हणजे परतफेडीच्या वेळापत्रकात, हप्ता, व्याज आणि मुद्दल यांचे वेगळे रकाने असतात. रकान्यांची शीर्षके फोटोत कापली गेली असली तरी तिथे फारसे अडत नाही, कारण व्याजदर आणि हप्ता स्थिर असताना जो रकाना महिन्यागणिक उतरतो तो व्याजाचा आणि जो चढतो तो मुद्दलाचा. दुसरे रूप खातेवहीसारखे असते आणि त्यात ‘नावे’, ‘जमा’ आणि ‘शिल्लक’ एवढेच रकाने असतात. मुद्दल हा शब्दच त्यात नसतो, आणि खरा घोळ होतो तो याच रूपात.

एका फोटोत अशा खातेवहीच्या पुढील ओळी दिसत आहेत असे समजू. वरचा भाग कापला गेला आहे, त्यामुळे कर्जाची मूळ रक्कम, व्याजदर आणि मुदत यांपैकी काहीच दिसत नाही.

| तपशील | नावे | जमा | शिल्लक |
|---|---|---|---|
| मागील शिल्लक | | | २,२२,११५ |
| व्याज आकारणी | २,२२१ | | २,२४,३३६ |
| हप्ता | | ११,२९८ | २,१३,०३८ |
| व्याज आकारणी | २,१३० | | २,१५,१६८ |
| हप्ता | | ११,२९८ | २,०३,८७० |

हे पाहणारा बहुधा ‘जमा’ रकान्यातील ११,२९८ हेच फिटलेले मुद्दल मानतो आणि ‘नावे’ पडलेले व्याज त्याहून वेगळे, वरचे देणे समजतो. वस्तुस्थिती तशी नाही. व्याज आधी शिल्लकेत मिळवले जाते आणि मग हप्ता त्या वाढलेल्या शिल्लकेतून वजा होतो, म्हणून हप्त्याचा पहिला भाग नुकतेच चढलेले व्याज फेडण्यात जातो आणि उरलेलाच मुद्दलाला पोहोचतो. पहिल्या जोडीत ११,२९८ मधून २,२२१ वजा केल्यास ९,०७७ उरतात; २,२२,११५ आणि २,१३,०३८ यांतील फरकही नेमका तेवढाच आहे. तेव्हा खातेवहीत मुद्दल शोधायचे ते एका हप्त्यानंतरच्या शिल्लकेतून पुढच्या हप्त्यानंतरची शिल्लक वजा करून. दुसऱ्या जोडीत ते ९,१६८ येते. मधली, व्याज चढवल्यानंतरची शिल्लक या कामी वापरू नये.

हीच मधली शिल्लक व्याजदर काढतानाही फसवते. २,२२१ ला शेजारच्याच २,२४,३३६ ने भागले तर महिन्याचा दर ०.९९ टक्के, म्हणजे वर्षाचा ११.८८ टक्के येतो, आणि असा विचित्र दर दिसला की दर वाचायलाच चुकला असे वाटू लागते. व्याज ज्या रकमेवर आकारले गेले ती रक्कम एक ओळ वर आहे. २,२२१ ला २,२२,११५ ने भागल्यास दरमहा १ टक्का, म्हणजे वार्षिक १२ टक्के मिळतात. २,१३० ला २,१३,०३८ ने भागले तरी उत्तर तेच येते. किमान दोन महिन्यांत उत्तर जुळल्याशिवाय दर पक्का धरू नये. जुळले नाही तर बहुधा व्याज दिवसांवर आकारलेले असते. तसे असते तर २,२२,११५ वर १२ टक्क्यांनी ३१ दिवसांचे व्याज सुमारे २,२६४ आणि ३० दिवसांचे सुमारे २,१९१ झाले असते, आणि व्याजाचे आकडे एकसारखे उतरण्याऐवजी महिन्याच्या लांबीनुसार खालीवर झाले असते. अशा खात्यात दर दोन आकारणींमधले दिवस मोजूनच काढावा लागतो.

फोटोत ३ आणि ८, १ आणि ७, ६ आणि ० एकमेकांसारखे दिसतात. शेवटची शिल्लक २,०३,८७० आहे की २,०३,३७० हे डोळे ताणून ठरवण्यापेक्षा २,१५,१६८ मधून ११,२९८ वजा करणे सोपे. तो अंक ८ च आहे. दोन चुका एकमेकींना झाकून टाकतील ही शक्यता या तपासात उरते, पण चुकीची शिल्लक पुढच्या महिन्याच्या व्याजाशी १ टक्क्याचे नाते सहसा राखत नाही, म्हणून बेरीज-वजाबाकी आणि दर हे दोन्ही तपास एकत्र करावेत.

आता कापला गेलेला भाग भरून काढता येतो. मागे जाताना शिल्लकेत हप्ता मिळवायचा आणि बेरजेला १.०१ ने भागायचे. २,२२,११५ अधिक ११,२९८ म्हणजे २,३३,४१३, त्याला १.०१ ने भागल्यावर २,३१,१०२. तीच कृती पुन्हा केल्यावर २,४०,००० येतात. इतका गोल आकडा कर्जाच्या आरंभाकडे बोट दाखवतो, मात्र तो पुरावा नव्हे. गणित त्याच्याही मागे निमूटपणे चालत राहते, त्यामुळे मूळ रक्कम मंजुरीपत्राशी किंवा कर्ज वितरणाच्या नोंदीशी ताडून पाहावी. ती जुळली, तर फोटोतील दोन हप्ते तिसरा आणि चौथा ठरतात.

पुढे जाताना प्रत्येक ओळीत मागच्या शिल्लकेचा १ टक्का व्याज म्हणून लिहावा, हप्त्यातील बाकी मुद्दलात टाकावे आणि ते शिल्लकेतून वजा करावे. पाचव्या हप्त्यात व्याज २,०३९, मुद्दल ९,२५९ आणि शिल्लक १,९४,६११ येते. सहाव्यात व्याज १,९४६, मुद्दल ९,३५२ आणि शिल्लक १,८५,२५९. किती हप्ते उरले हे स्प्रेडशीट एका सूत्रात सांगते:

```
=NPER(1%,-11298,185259)
```

उत्तर जवळजवळ १८ येते, म्हणजे मुदत एकूण २४ महिन्यांची. नेमका १८ येत नाही, कारण हप्ता पूर्णांकात वर नेलेला आहे आणि शेवटचा हप्ता त्यामुळे सुमारे १० ने कमी भरावा लागतो. पहिल्या सहा हप्त्यांत भरलेल्या ६७,७८८ पैकी १३,०४७ व्याजात गेले आणि ५४,७४१ मुद्दलात. २,४०,००० मधून हे मुद्दल वजा केले की १,८५,२५९ च उरतात, आणि मांडणी बरोबर असल्याची ही शेवटची खूण.

‘नावे’ रकान्यात येणारे सगळेच व्याज नसते. उशिराचा दंड, विमाहप्ता, प्रक्रिया शुल्क हेही तिथेच पडतात आणि फोटोत तपशिलाचा रकाना अस्पष्ट असेल तर व्याज म्हणून मोजले जातात. ज्या ‘नावे’ रकमेचे मागील शिल्लकेशी प्रमाण दराशी जुळत नाही ती वेगळी काढावी, आणि शिल्लक तेवढ्याने वाढली असल्यास पुढचे व्याज त्या वाढीव रकमेवर आकारले आहे का, हे पुढच्याच ओळीवरून पाहावे. ‘जमा’ बाजूला याउलट घडते. हप्त्याखेरीज मध्येच भरलेली मोठी रक्कम, त्या दिवसापर्यंतचे व्याज किंवा शुल्क थकलेले नसेल तर, बहुधा पूर्णच्या पूर्ण मुद्दलात जाते. तिथून पुढे हप्ता तोच ठेवून मुदत घटवली आहे की मुदत तीच ठेवून हप्ता, हे पुढच्या ‘जमा’ ओळीतील रक्कम पाहिल्यावर कळते, आणि वेळापत्रक त्या ओळीपासून नव्याने मांडावे लागते.