२९० पेक्षा ३०० बरे

बियाण्यांच्या कंपनीचा एक प्रतिनिधी छत्रपती संभाजीनगरात राहतो. पेरणीच्या आधी त्याला जालना, परभणी आणि बीड इथल्या दुकानदारांना भेटायचं आहे. प्रत्येक गावी एकदाच जायचं, शेवटी घरी परतायचं आणि गाडी कमीत कमी पळवायची. प्रश्नपत्रिकेत देतात तसे गोल केलेले किलोमीटर धरू: संभाजीनगरहून जालना ६०, बीड १३०, परभणी १८०, जालन्याहून बीड ११०, परभणी १२०, आणि परभणी ते बीड १२०.

ॲडव्हान्स्ड अल्गोरिदम्सच्या पेपरात हाच प्रश्न 'ट्रॅव्हलिंग सेल्समन' या नावाने येतो. तीनच गावं असतील तर सहा क्रम कागदावर मांडून उत्तर काढता येतं. मराठवाड्याची आठही जिल्ह्याची ठिकाणं घेतली, तर संभाजीनगर सोडून उरलेल्या सातांचे ५,०४० क्रम होतात. संगणकाला तेही जड नाहीत. पण पेपरात शहरं २० असतात, आणि तिथे क्रमांची संख्या १८ अंकी होते. सेकंदाला दहा कोटी क्रम तपासले तरी ३८ वर्षं लागतील. परीक्षा तीन तासांची.

मग सुटका कशी होते? प्रतिनिधी जालना आणि बीड करून परभणीला पोचला आहे, आणि नांदेड, लातूर अजून बाकी आहेत, असं समजा. तो जालन्यावरून बीड आणि मग परभणी असा आला असेल, तर २९० किलोमीटर झाले. आधी बीड, मग जालना आणि मग परभणी असा आला असेल, तर ३६०. आता पुढचा विचार करा. उभा आहे परभणीत, उरलेली गावंही तीच. म्हणजे पुढचा सगळ्यांत चांगला रस्ता दोन्ही वेळा एकच असणार, आणि ३६० वाल्याच्या अंगावरचे ७० किलोमीटर शेवटपर्यंत उतरणार नाहीत. तो क्रम इथेच सोडून द्यायला हरकत नाही.

म्हणजे लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच: कोणती गावं झाली आणि सध्या कुठे आहोत. ती कोणत्या क्रमाने झाली, हे विसरायचं. १९६२ साली रिचर्ड बेलमन यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे मायकेल हेल्ड व रिचर्ड कार्प यांनी, हीच युक्ती मांडली.

'कोणती गावं झाली' हे लिहायला बिटमास्क वापरतात. शाळेतली हजेरी आठवा: हजर असेल तर १, नसेल तर ०. संभाजीनगरला शून्य क्रमांक देऊ, जालन्याला एक, परभणीला दोन, बीडला तीन, आणि हजेरी उजवीकडून डावीकडे मांडू. संभाजीनगर, जालना आणि परभणी झाली, बीड राहिलं, तर हजेरी होते `0111`, म्हणजे ७. चारही झाली की `1111`, म्हणजे १५. गावांचा अख्खा गट असा एका पूर्णांकात मावतो आणि तोच टेबलच्या ओळीचा क्रमांक होतो. खाली `n` म्हणजे घर धरून एकूण गावं, `dp[m][u]` म्हणजे `m` या गटातली गावं करून `u` मध्ये पोचायला लागलेलं कमीत कमी अंतर, आणि `d[u][v]` म्हणजे `u` ते `v` हे अंतर.

```
dp[1][0] = 0;
for (int m = 1; m < (1 << n); m++)
  for (int u = 0; u < n; u++) {
    if (dp[m][u] == INF) continue;
    for (int v = 0; v < n; v++)
      if (((m >> v) & 1) == 0) {
        int t = m | (1 << v);
        dp[t][v] = min(dp[t][v], dp[m][u] + d[u][v]);
      }
  }
```

सुरुवातीला सगळं टेबल `INF` ने, म्हणजे एका भल्यामोठ्या आकड्याने, भरलेलं असतं. `m` चढत्या क्रमाने का घेतला, हा तोंडी परीक्षेतला आवडता प्रश्न. उत्तर साधं आहे. नवं गाव जोडलं की एका ० चा १ होतो, म्हणजे संख्या वाढतेच. त्यामुळे एखाद्या ओळीपर्यंत पोचेतो तिच्यात येणारं सगळं भरून झालेलं असतं.

आता आपली तीन गावं पूर्ण करू. शेवटची ओळ १५ ची. परभणीत संपणारा सगळ्यांत स्वस्त रस्ता जालना, बीड, परभणी असा २९० चा. बीडला संपणारा जालना, परभणी, बीड असा ३०० चा. जालन्याला संपणारा बीड, परभणी, जालना असा ३७० चा. पण प्रतिनिधी अजून घरी आलेला नाही. परतीचे १८०, १३० आणि ६० मिळवले की ४७०, ४३० आणि ४३० होतात. उत्तर ४३०. ते दोनदा आलं कारण ती एकच फेरी आहे, एकदा सुलट आणि एकदा उलट.

पेपर तपासताना मला सर्वांत जास्त दिसणारी चूक नेमकी याच ओळीत असते. विद्यार्थी 'सध्या कुठे आहोत' हे गाळतो आणि `dp[m]` असं एकाच रकान्याचं टेबल करतो. प्रत्येक गटासाठी फक्त सर्वांत लहान आकडा ठेवतो. तसं केलं, तर १५ च्या ओळीत २९० उरतो आणि ३०० पुसला जातो. २९० चा रस्ता परभणीत संपतो, तिथून घर १८० वर, म्हणून उत्तर येतं ४७०. आतापर्यंतचा स्वस्त रस्ता चुकीच्या गावी नेऊन सोडतो, तो असा. ही चूक वाईट, कारण प्रोग्रॅम अडत नाही आणि ४७० हा आकडाही पटण्यासारखा दिसतो. ओळखायचा उपाय म्हणजे चार-पाच गावांचं उदाहरण घेऊन सगळे क्रम मोजणारा साधा प्रोग्रॅम बाजूला चालवायचा आणि उत्तरं ताडून पाहायची.

दुसरी चूक मात्र स्वतःहून ओरडते. सी++ मध्ये कोणी `m & (1 << v) == 0` असं बाहेरच्या कंसाशिवाय लिहिलं, तर `==` आधी सोडवलं जातं. `1 << v` कधीच शून्य नसतं, त्यामुळे अट कायम खोटी ठरते आणि एकही नवं गाव जोडलं जात नाही. उत्तर म्हणून `INF` च छापून येतो. पायथनमध्ये `&` आधी सोडवलं जातं, म्हणून तिथे हेच वाक्य बरोबर चालतं. दोन्ही भाषा शिकलेली पोरं इथे हमखास फसतात.

राहिला प्रश्न, ही युक्ती किती शहरांपर्यंत चालते. २० शहरांना टेबलच्या ओळी साडेदहा लाखांच्या आसपास, प्रत्येकीत २० घरं, म्हणजे सुमारे २ कोटी १० लाख घरं. एका घराला ४ बाइट धरले तर ८४ एमबी. वरच्या तिन्ही लूपचे फेरे धरले तर काम ४२ कोटींच्या आत राहतं, आणि काही सेकंदांत आटोपतं. प्रत्येक नव्या शहरागणिक ओळी दुप्पट होतात. २५ शहरांना तेच टेबल ३ जीबीच्या वर जातं. वेळ संपण्याआधी मेमरी संपते, आणि २५६ एमबीची मर्यादा घातलेल्या परीक्षेत प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. उलट ८-१० शहरंच असतील, तर मी सरळ सगळे क्रम तपासेन. त्यात चुका कमी होतात.

आणि कंपनीने आपल्या प्रतिनिधीला मराठवाड्यातली ७६ ही तालुक्याची ठिकाणं एका फेरीत करायला सांगितली, तर टेबलच्या ओळींची संख्याच २३ अंकी होते.