नोटवरची नागमोडी रेघ: मधे उभी काडी आहे की नाही?

अप्पा बळवंत चौकात झेरॉक्स काढलेले पियानोचे कागद घेऊन पोरं क्लासला येतात आणि व्हॉट्सॲपवर प्रश्न येतो, "नोटवर वाकडीतिकडी रेघ आहे, ते काय असतं?" आता एवढ्यावरून कोणीच सांगू शकत नाही, कारण वाकड्यातिकड्या रेघा चार प्रकारच्या असतात. कॉर्डच्या डावीकडे वरून खाली उभी गेलेली रेघ असेल तर ती अर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे सूर एकदम न दाबता बहुतेक वेळा खालून वर एकामागोमाग सोडायचे. tr अक्षरांपुढे लांब आडवी गेली असेल तर ट्रिल. या दोन पटकन ओळखू येतात. खरा घोळ होतो तो उरलेल्या दोघींत.

या दोन्ही छोट्या, आडव्या, दोन-तीन टोकांच्या, नोटच्या बरोबर वर बसलेल्या असतात. फरक एवढाच की एकीच्या मधोमध एक बारीक उभी काडी आरपार जाते, दुसरीत ती नसते. काडीवाली म्हणजे मॉर्डंट. बिनकाडीची म्हणजे अपर मॉर्डंट, जर्मन नाव प्रालट्रिलर. वाजवताना दोन्ही अगदी उलट्या दिशेला जातात: काडीवालीत मूळ सूर, मग त्याच्या खालचा शेजारी, परत मूळ सूर, आणि बिनकाडीत मूळ सूर, वरचा शेजारी, परत मूळ. पेटी शिकलेल्यांना सोप्या भाषेत सांगायचं तर सा-नि-सा आणि सा-रे-सा.

एक उदाहरण घेऊ. डी मेजरमधला पीस आहे, म्हणजे की सिग्नेचरमधे एफ आणि सी शार्प आहेत, ट्रेबल क्लेफ आहे आणि खालून दुसऱ्या रेघेवर जी ची क्वार्टर नोट आहे. तिच्यावर काडीवाली खूण असेल तर जी, एफ शार्प, जी. इथे साधा एफ वाजवला की चुकलंच, कारण शेजारी सूर की सिग्नेचरमधूनच घ्यायचा असतो. बिनकाडीची खूण असेल तर जी, ए, जी. मध्यम लयीत पहिले दोन सूर थर्टीसेकंड नोटएवढे छोटे घ्या आणि उरलेला वेळ, म्हणजे एक डॉटेड एटथ, शेवटच्या जी वर थांबा. ठोक्यावरच सुरू करायचं हं, ठोक्याच्या आधी नाही, नाहीतर डाव्या हाताशी जुळत नाही. कधी खुणेच्या वर किंवा खाली चिमुकला शार्प, फ्लॅट किंवा नॅचरल छापलेला दिसतो, तो त्या शेजारी सुरासाठी असतो, मूळ नोटला लावायचा नाही.

आता काळाचा एक भाग आहे तो सोडून चालणार नाही. बाखने 1720 मधे मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडमनसाठी जी वही सुरू केली त्यात खुणांचा तक्ता आहे, आणि तिथे बिनकाडीच्या खुणेचं नाव चक्क ट्रिलो आहे आणि ती वरच्या सुरापासून सुरू होते. म्हणजे आपल्या उदाहरणात ए, जी, ए, जी. तेव्हा पीस बाखचा असेल तर जी-ए-जी लगेच ठोकू नका, नंतरच्या काळातल्या पीसमधे मात्र बहुतेक वेळा तेच बरोबर. काडीवालीची अशी भानगड नाही, ती तक्त्यातही खालीच जाते, म्हणून ती ओळखली की निम्मं काम झालं.

नावांचा भरवसा मात्र धरू नका. जुन्या पुस्तकांत बिनकाडीच्या खुणेलाच नुसतं मॉर्डंट म्हटलेलं सापडतं आणि 'इन्व्हर्टेड मॉर्डंट' हे नाव कधी हिला तर कधी तिला दिलेलं असतं. त्यामुळे कोणी नुसतं नाव सांगितलं तर लगेच विचारा, काडी आहे का?

झेरॉक्समधे हीच काडी सगळ्यात आधी जाते, ती इतकी बारीक असते. शंका असेल तर फोटो मोठा करून नागमोडीच्या मधल्या भागाच्या वर आणि खाली बघा, खरी काडी दोन्हीकडे थोडी बाहेर डोकावते. फक्त खाली दिसली तर ती नोटची दांडीही असू शकते, जिथे दांडी वर जाऊन खुणेला चिकटलेली असते तिथे हा धोका जास्त. दांडी मात्र डोक्याच्या कडेला लागलेली असते आणि काडी खुणेच्या मधोमध असते, ते नीट बघितलं की कळतं. तरी नाहीच कळलं तर दुसरी प्रत शोधा, कानाने अंदाज लावू नका, दोन्ही वाजवून गोडच लागतात.

आणि पुढच्या वेळी विचाराल तेव्हा एवढं लिहा: "ट्रेबल क्लेफ, की सिग्नेचर दोन शार्प, जी नोटच्या बरोबर वर, छोटी आडवी नागमोडी, दोन टोकं, मधे उभी काडी आहे." सोबत पीस कोणाचा ते लिहा. उत्तर लगेच मिळेल.