हितोरीचे तीन नियम एकत्र का आले

सुडोकू सगळ्यांना माहितीये, पण ज्या जपानी प्रकाशकांनी सुडोकूला ते नाव दिलं त्यांच्याच नियतकालिकातून हितोरी हे कोडंही आलंय हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. नियतकालिकाचं नाव निकोली, १९८० मध्ये माकी काजी आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेलं, आणि त्याची खासियत अशी की वाचकच नवनवीन कोडी बनवून पाठवायचे, ज्याला दाद मिळायची ते टिकायचं, बाकीची मागे पडायची. सुडोकू त्यांच्याच दुसऱ्या एका मासिकात १९८४ ला आलं आणि हितोरी निकोलीच्या मार्च १९९० च्या २९ व्या अंकात.

सुडोकूत रिकामी घरं भरायची असतात. हितोरीत ग्रिड आधीच गच्च भरलेलं मिळतं आणि आपण त्यातले काही आकडे खोडायचे, म्हणजे ती घरं काळी करायची. नियम तीनच आहेत: एका आडव्या किंवा उभ्या ओळीत न खोडलेला आकडा दोनदा दिसता कामा नये, दोन काळी घरं बाजूला किंवा वर-खाली चिकटता कामा नयेत (कोपऱ्याला कोपरा लागला तर चालतो), आणि उरलेली सगळी पांढरी घरं एकमेकांना जोडलेली राहिली पाहिजेत.

नवीन माणसाला पहिला नियम म्हणजेच खेळ वाटतो आणि बाकीचे दोन उगाच अडचण वाढवायला घातलेत असं वाटतं. माझं मत बरोबर उलटं आहे, कोडं खरं उभं राहतं ते त्या दोन नियमांवर. हे नुसतं बोलून पटणार नाही, म्हणून एक छोटं ४ बाय ४ चं ग्रिड घेऊ:

३ ३ ३ १
४ १ २ ३
४ २ ४ ३
१ ४ ३ २

पहिल्या ओळीत तीन ३ सलग आहेत. मधला खोडला तर दोन्ही बाजूचे ३ खोडता येत नाहीत, कारण ते काळ्याला चिकटतील, मग एकाच ओळीत दोन ३ उरतात. म्हणजे मधला ठेवायचा आणि बाजूचे दोन खोडायचे, दुसरा पर्यायच नाही. आता काळ्याच्या शेजारचं प्रत्येक घर पांढरं, म्हणून त्या ओळीतला १ राहतो आणि दोन्ही काळ्यांच्या खालचे ४ आणि २ पण राहतात. मधल्या ३ च्या दोन्ही बाजू बंद झाल्या, त्याला बाहेर पडायला फक्त खालचा १ उरला, सो तो पांढरा. शेवटच्या १ चंही तसंच, त्याच्या खालचा ३ पांढरा ठेवावाच लागतो. म्हणजे दुसरी ओळ अख्खी पांढरी झाली, आणि इथपर्यंत आपण दुसऱ्या ओळीतल्या आकड्यांची कुठेही तुलना केलेली नाही! पुढचं सरळ आहे, पहिल्या कॉलममध्ये वर पांढरा ४ आहे म्हणून तिसऱ्या ओळीतला पहिला ४ जातो, शेवटच्या कॉलममध्ये वर ३ आहे म्हणून त्याच्या खालचा ३ जातो, आणि बाकी सगळं राहतं. एकूण चार काळी घरं, झालं.

आता खरी गंमत. चिकटायचं नाही हा नियम काढून टाका. मग पहिल्या ओळीत पहिला ३ ठेवून दुसरा-तिसरा खोडला तरी चालतं, बाकीचं ग्रिड जसंच्या तसं, ओळीत-कॉलममध्ये काही रिपीट नाही, पांढरी घरंही जोडलेली, म्हणजे एका कोड्याची दोन उत्तरं झाली. तो नियम परत घाला आणि त्याऐवजी जोडलेलं राहण्याचा नियम काढा. आता शेवटच्या कॉलममधल्या दोन ३ पैकी खालच्याऐवजी वरचा खोडता येतो, फक्त वरचा १ एकटा कोपऱ्यात कोंडला जातो, पण नियमच नसल्यावर त्याला कोण विचारतो. परत दोन उत्तरं. आकडे तेच आहेत, पण दोन सारख्यांपैकी नेमका कोणता जाणार हे ते सांगत नाहीत, ते हे दोन नियम सांगतात. अशा कोड्याचं उत्तर एकच हवं, नाहीतर विचार करून काही उपयोग नाही, शेवटी अंदाजच मारायचा.

म्हणूनच मला वाटतं की पुढचा वारसाही याच दोन नियमांचा चालला. निकोलीतच १९९१ ला कुरोदोको आलं, त्यात एखाद्या आकड्यावरून चारी दिशांना किती पांढरी घरं दिसतात ते दिलेलं असतं. १९९२ ला हेयावाके आलं, त्यात ग्रिडचे खोल्यांसारखे भाग पाडलेले असतात आणि कुठल्या खोलीत किती काळी घरं ते लिहिलेलं असतं. दोन्हीत रिपीट आकड्यांचा प्रश्नच नाही, पण काळी घरं चिकटायची नाहीत आणि पांढरी तुटायची नाहीत हे मात्र जसंच्या तसं. त्यामुळे हितोरी चांगलं जमणाऱ्या माणसाला हेयावाके अर्धं आधीच येत असतं, विशेषतः तिरप्या साखळीची नजर. काळी घरं कोपऱ्याला कोपरा लावत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोचली, किंवा फिरून स्वतःलाच येऊन मिळाली, की पांढऱ्याचे दोन तुकडे झालेच. मोठ्या ग्रिडमध्ये लोक अडकतात ते इथेच, कारण चिकटलेली घरं लगेच डोळ्यात भरतात पण साखळी हळूहळू तयार होत असते आणि दहा-बारा घरं गेल्यावर कळतं की मागे कुठेतरी रस्ता बंद झालाय. म्हणून नक्की पांढऱ्या ठरलेल्या घराला गोल करायची सवय फार कामाची आहे, आणि कडेला टेकलेली काळी साखळी दिसली की तिचं दुसरं टोक कुठे चाललंय ते आधी बघायचं.

२००४-०५ च्या सुडोकूच्या लाटेनंतर जपानबाहेरही अशा कोड्यांकडे लक्ष गेलं. सायमन टॅथम यांच्या फ्री पझल कलेक्शनमध्ये हेच कोडं सिंगल्स नावाने आहे, म्हणजे कॉम्प्युटर हवी तेवढी ग्रिड बनवून देतो. २००९ मध्ये रॉबर्ट हर्न आणि एरिक डिमेन यांनी हितोरी एनपी-कम्प्लीट असल्याचं दाखवलं, म्हणजे उत्तर समोर ठेवलं तर ते बरोबर आहे का हे पटकन तपासता येतं, पण कितीही मोठं कुठलंही ग्रिड दिलं तरी झटपट सोडवेल अशी पद्धत कुणाकडे नाही.

बनवणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर आधी काळ्या घरांची जागा ठरवतात, पांढऱ्यात रिपीट न होणारे आकडे भरतात आणि मग काळ्या घरांमध्ये आकडे टाकतात. चूक होते ती या शेवटच्या पायरीवर. काळ्या घरातला आकडा त्याच्या ओळीत किंवा कॉलममध्ये एखाद्या पांढऱ्या घरात असलाच पाहिजे. नसेल तर ते घर न खोडताही सगळं नियमात बसतं, कारण त्याचे सगळे शेजारी आधीच पांढरे आहेत, आणि तिथेच दुसरं उत्तर तयार होतं. हे सोडवणाऱ्यालाही वापरता येतं: जो आकडा आपल्या ओळीत आणि कॉलममध्ये एकदाच आलाय तो नीट बनवलेल्या कोड्यात कधीच काळा होत नाही, त्यामुळे सुरुवातीलाच अशा सगळ्यांना गोल करून टाकायला हरकत नाही.