पट्टी काळी झाली, म्हणजे फोर्सेप्स निर्जंतुक झाली का?

या, बसा. डेंटल असिस्टंट म्हणून आजपासून तुम्ही आमच्यातल्याच. मनापासून स्वागत. हातमोजे, मास्क, चष्मा कसा वापरायचा ते ताई खुर्चीपाशी दाखवतील. मी बोलणार आहे ते फक्त या फोर्सेप्सबद्दल. सकाळी हिने एकाची दाढ काढली, संध्याकाळी ती दुसऱ्याच्या तोंडात जाणार.

हिचा सांधा नीट बघा. रक्त शिरतं ते इथेच, आणि वाळलं की घट्ट बसतं. ऑटोक्लेव्हमध्ये जंतू मरतात ते वाफ प्रत्यक्ष भिडल्यामुळे. थंड धातूवर वाफेचं पाणी होताना ती आपली सगळी उष्णता तिथे सोडते. म्हणून पाकिटातल्या हत्यारांना १२१ अंशांवर ३० मिनिटं पुरतात. कोरड्या गरम हवेला १६० अंशांवर दोन तास लागतात. पण वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोचतच नाही.

म्हणून काम झालं की फोर्सेप्स वाळू द्यायची नाही, लगेच एन्झाइमच्या द्रावणात बुडवायची. मग जाड रबरी हातमोजे घालून सांधा उघडा ठेवून ध्वनिलहरींनी घाण सुटी करणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्रात. नंतर धुवा, भिंगाखाली सांधा तपासा, कोरडी करा आणि उघडीच पाकिटात घाला. पाकिटं ट्रेमध्ये उभी, सुटी लावा. एकावर एक रचलीत तर मध्ये हवा अडकते आणि तिथे वाफ जात नाही. बाहेर काढल्यावर पाकीट ओलं असेल तर ते बाद. ओल्या कागदातून जंतू आत झिरपतात.

आता पाकिटावरची ही पट्टी. तिच्यावरच्या रेघा काळ्या झाल्या, म्हणजे पाकीट ऑटोक्लेव्हमधून जाऊन आलं, एवढंच कळतं. आतले जंतू मेले की नाही, हे ती सांगत नाही. त्यासाठी आपण आठवड्यातून एकदा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूच्या बीजाणूंची कुपी भरलेल्या ट्रेमध्ये ठेवतो. उष्णतेला दाद न देणारा हा चिवट जिवाणू आहे, रोगकारक नाही. तो मेला तर बाकीचे वाचणं जवळजवळ अशक्य. नंतर ती कुपी, आणि सोबत ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली दुसरी, दोन्ही उबवणीत ठेवायच्या. आपल्या कुप्यांमधलं द्रावण जांभळं असतं, बीजाणू वाढले की पिवळं होतं. दुसरी कुपी पिवळी व्हायलाच हवी. ती जांभळी राहिली तर बीजाणूच मेलेले होते, त्या चाचणीला अर्थ नाही.

आणि ट्रेमधली कुपी पिवळी झाली तर? ऑटोक्लेव्ह बंद करून मला लगेच सांगा, पेशंट खुर्चीवर असला तरी. शेवटच्या चांगल्या चाचणीनंतरची सगळी पाकिटं कपाटातून बाहेर काढा. त्यासाठीच प्रत्येक पाकिटावर तारीख आणि खेपेचा नंबर घालतो. पाकिटांची भरणी, वेळ, तापमान तपासून पुन्हा चाचणी करू. तिचा निकाल चांगला येईपर्यंत त्यातलं एकही हत्यार खुर्चीपाशी येणार नाही, भले त्या दिवसाच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलाव्या लागल्या तरी.