एकच रेघ म्हणजे दिवस गेलेच नाहीत?

“पाळी चुकून अडीच महिने झाले, उलट्या थांबत नाहीत, पण पट्टीवर एकच रेघ. दिवस गेले असते तर आता रेघ गडदच आली असती ना?”

नाही, तसं होईलच असं नाही. पट्टीत दोन प्रतिपिंडं असतात. एक रंग घेऊन लघवीबरोबर पुढे सरकतं, दुसरं ‘टी’च्या, म्हणजे निकालाच्या रेघेच्या जागी चिकटवलेलं असतं. एचसीजी, म्हणजे दिवस गेल्यावर वाढणारं संप्रेरक, त्याचा एकच कण दोघांनी दोन बाजूंनी धरला, तरच तिथे रंग साठतो. एचसीजी बेसुमार असलं, की दोन्ही प्रतिपिंडांना वेगवेगळे कण मिळतात, जोडी जुळत नाही आणि रंग पुढे वाहून जातो. पट्टी चालते हे दाखवणारी ‘सी’ची रेघ मात्र ठणठणीत उमटते, म्हणून पट्टी खराब असल्याची शंकाही येत नाही.

हे क्वचितच घडतं. पट्टी फसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे फार लवकर केलेली तपासणी. पण द्राक्षगर्भात, म्हणजे वार द्राक्षांच्या घोसासारखी फुगते तेव्हा, रक्तातलं एचसीजी पाच लाख युनिटांच्याही पुढे जाऊ शकतं. अशा वेळी तीच लघवी पाण्याने पातळ केली तर दुसरी रेघ दिसू शकते. प्रयोगशाळेतही नमुना पातळ करूनच खात्री करतात. अंगावरून रक्त जात असेल तर हा प्रयोग करत बसू नका, थेट सोनोग्राफी करा.