पुष्पचक्राच्या रिबिनीवर काय लिहायचे? पोर्तुगीज शब्द ठरवण्याआधी एवढे वाचा

आमच्या दुकानात पुष्पचक्राची ऑर्डर येते ती बहुतेक वेळा सकाळी, आणि अंत्यविधी असतो त्याच दिवशी दुपारी चार वाजता. रिबीन कापून सोनेरी अक्षरे बसवायला एक तास पुरतो. वेळ जातो तो शब्द ठरवण्यात, आणि त्याहून जास्त चुकीचा शब्द पुन्हा काढून लावण्यात. म्हणून हे पत्रक.

आधी एक खरे सांगून टाकतो. प्रत्येक ख्रिस्ती घरासाठी पोर्तुगीजच हवी असे नाही. पुष्कळ घरांत आज कोंकणी आणि इंग्रजीच चालते, आणि तिथे साधी इंग्रजी ओळ जास्त जवळची वाटते. पोर्तुगीज शोभते ती जुन्या घरांत, जिथे आजी-आजोबा त्या भाषेत शिकले, किंवा मुले-नातवंडे लिस्बनला आहेत आणि विधीला येणार आहेत. घर कोणते ते आम्हाला सांगा. गरज नसेल तर आम्हीच तसे सांगू.

आता ज्या चुकीत सगळ्यांचा वेळ जातो ती. दहा गिऱ्हाइकांतले निम्मे तरी 'एतेर्ना साउदाद' मागतात. कबरीवर वाचलेले असते, कानाला गोड वाटते, आणि कोणीतरी त्याचा अर्थ 'भावपूर्ण श्रद्धांजली' असा सांगितलेला असतो. तो अर्थ बरोबर नाही. 'साउदाद' म्हणजे आठवणीने जीव व्याकूळ होणे. जे आपले होते आणि आता जवळ नाही, त्याची ओढ. परदेशी गेलेला नातू जिवंत आजीलाही पत्राच्या शेवटी हाच शब्द लिहितो. 'एतेर्ना साउदाद' म्हणजे ही ओढ आता कायमची. हे म्हणण्याचा हक्क बायकोचा, मुलांचा, भावंडांचा, जिवलग मित्राचा. पतपेढीच्या संचालक मंडळाने ते लिहिले तर घरचे काही बोलणार नाहीत, पण वाचून एकमेकांकडे बघतील. आपल्याकडे एखाद्या संस्थेने जाहीर शोकपत्रात 'तुझ्यावाचून घर सुने झाले' असे छापले तर जसे वाटेल, तसेच ते.

शेजारी, सहकारी, संस्था यांच्यासाठी शब्द आहे 'ओमेनाझेंय', म्हणजे आदरांजली. 'श्रद्धांजली'च्या जवळ जाणारा शब्द हाच. 'सेंतीदा ओमेनाझेंय' ही मनापासून वाहिलेली आदरांजली. त्यात प्रेम आहे, पण जवळिकीचा दावा नाही.

तिसरा शब्द 'पेझामिश'. याची फोड 'मला त्याचा भार वाटतो' अशी. आपण 'मन जड झाले' म्हणतो ना, त्याच वळणाचा. हा शब्द मृत व्यक्तीला उद्देशून नाही, मागे राहिलेल्यांना उद्देशून आहे. म्हणून त्याची खरी जागा रिबिनीपेक्षा घरच्यांना द्यायच्या कार्डावर. रिबिनीवरही तो छापलेला दिसतो आणि ती चूक नव्हे, कारण पुष्पचक्र घरच्यांच्या डोळ्यांसमोरच असते. पण उलटे करू नका. कार्डावर नुसते 'एतेर्ना साउदाद' लिहिलेत तर ज्यांच्या हातात कार्ड दिलेत त्यांच्याशी तुम्ही एक शब्दही बोलला नाहीत. कार्डासाठी आम्ही 'सेंतीदुश पेझामिश' सुचवतो. 'सेंतीदाश पेझामिश' असे कोणी लिहून दिले तर तसे करू नका, कारण हा शब्द पुल्लिंगी अनेकवचनी आहे. 'सेंतीदाश' जुळते ते 'कोन्दोलेन्सियाश' या स्त्रीलिंगी शब्दाशी. अर्थ तोच, जरा कचेरीतला.

मागे एका वाड्यावरचे शेजारी आले होते. निवृत्त शिक्षिका वारल्या होत्या, आणि यांच्यातल्या निम्म्यांना त्यांनीच मुळाक्षरे शिकवलेली. कागदावर 'एतेर्ना साउदाद' आणि खाली 'शेजारी'. मी विचारले, ओमेनाझेंय चालेल का? त्यांच्यातले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "अहो, बाई आमच्या घरच्याच होत्या." मग मी मागे हटलो नाही, पण अडलोही नाही. शेजाऱ्यांच्या नावाने रिबिनीवर 'सेंतीदा ओमेनाझेंय दुश विझीन्युश' लावले, आणि जे विद्यार्थी होते त्यांच्या छोट्या पुष्पचक्रावर साउदाद. दोन्ही शब्द आपापल्या जागी बसले. दोन पुष्पचक्रे खपली हेही खरे, पण ते सुचवले होते त्यांनीच.

खालच्या ओळीतला 'दुश' म्हणजे 'यांच्याकडून'. सगळ्या बायकाच असतील तर 'दाश', एकही पुरुष असला तर 'दुश'. कुटुंबाकडून असेल तर 'दा फामीलिया'.

दुसरा घोटाळा टिंबा-रेघांचा. 'आवॉ' म्हणजे आजी, 'आवो' म्हणजे आजोबा. रोमी लिपीत दोन्हींची अक्षरे तीच, फरक फक्त शेवटच्या 'ओ'वरच्या खुणेचा: आजीला तिरकी रेघ, आजोबांना छपरासारखी टोपी. सोनेरी अक्षरांच्या तयार संचात या खुणा नसतात. आम्ही त्या हाताने कापून लावतो. त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि 'त्या कशाला हव्यात' असे ऐकावे लागते. खूण नसेल तर नातवंडांना कळेल हो, पण लिस्बनहून आलेल्या मुलाला ती ओळ अर्धवट वाटेल. शिवाय आजी असेल तर 'आ केरीदा आवॉ', आजोबा असतील तर 'आउ केरीदु आवो'. म्हणजे तीन ठिकाणी बदल. एकच अक्षर बदलून भागत नाही.

'सॉरी'चे भाषांतर 'देश्कुल्प' असे लिहून आणू नका. ते धक्का लागल्यावर मागायच्या माफीचे. दुःखात 'लामेंतु मुइंतु' म्हणावे.

आनंदाच्या कार्डांना एवढा त्रास नाही. नाताळपासून नव्या वर्षापर्यंत 'बोआश फेश्ताश' चालते. लग्न, वाढदिवस, परीक्षा यांना 'पाराबेंश'. फक्त 'आनिव्हेर्सारियु' या शब्दाबाबत सावध राहा. वाढदिवसालाही तोच आणि वर्षदिनाच्या प्रार्थनेलाही तोच. वर्षदिनाच्या कार्डावर त्याच्या आधी चुकूनही 'फेलीश' नको.

ऑर्डर देताना मृत व्यक्ती स्त्री की पुरुष, पाठवणारे कोण आणि ओळ रिबिनीवर हवी की कार्डावर, एवढे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. तोंडी सांगितलेले आम्ही घेत नाही. उद्धटपणा म्हणून नव्हे, फोनवर आवॉ आणि आवो सारखेच ऐकू येतात म्हणून. आम्ही ओळ लिहून परत पाठवतो, तुमचे 'ठीक' आले की मगच कात्री लावतो. शब्द निवडून देण्याचे वेगळे पैसे नाहीत. तुमच्याच मजकुरात चूक निघाली तर दुसऱ्या रिबिनीचे मात्र घेतो. महिन्याच्या मीसची, म्हणजे महिना झाल्यावर चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेची, कार्डे दोन दिवस आधी सांगा. अंत्यविधीचे काम रविवारीही करतो, दुकानाचे शटर खाली असले तर वाजवा.