हीट-सेट इन्सर्टसाठी बॉस (थ्रीडी प्रिंटिंग)

थ्रीडी प्रिंट केलेल्या पार्टमध्ये स्क्रू परत परत काढायचा-लावायचा असेल तर प्लास्टिकमधले आटे फार टिकत नाहीत, म्हणून पितळेचा छोटा आटेवाला तुकडा सोल्डरिंग आयर्नने गरम करून भोकात दाबून बसवतात, त्याला हीट-सेट इन्सर्ट म्हणतात. हा इन्सर्ट ज्या उंचवट्यात किंवा दांड्यात बसतो तो बॉस. इन्सर्ट बसवायला दोन मिनिटं लागत नाहीत, पण तो धरून राहणार की स्क्रूबरोबर गरगर फिरणार हे बरंचसं बॉस काढतानाच ठरलेलं असतं. इथे एकच उदाहरण धरलंय, घरी एफडीएम प्रिंटरवर, म्हणजे प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर देणाऱ्या प्रिंटरवर काढलेला सर्किटचा डबा, एम३ स्क्रू आणि ३ मिमी जाड झाकण.

भोकाचा व्यास

पहिली गोष्ट म्हणजे नुसतं "एम३ इन्सर्ट" म्हणून काही कळत नाही. एम३ हे आतल्या आट्यांचं माप झालं, बाहेरचा व्यास आणि लांबी मेकनुसार बदलते. खूप चालणारा एक प्रकार ५.७ मिमी लांब आणि बाहेरून साधारण ४.६ मिमी असतो, त्याला ४.० मिमी भोक लागतं. व्होरॉन प्रिंटरच्या किटमध्ये येणारे मात्र ५ मिमी व्यासाचे आणि ४ मिमीच लांब असतात, ते ४.० च्या भोकात घुसवायला गेलात तर बॉसची वाट लागते. त्यामुळे आधी इन्सर्ट हातात घ्यायचा, व्हर्नियरने मोजायचा, विकणाऱ्याने भोकाचं माप दिलं असेल ते बघायचं आणि मगच कॅड उघडायचं.

भोक इन्सर्टपेक्षा लहान ठेवायचं कारण असं की बाहेरच्या नर्लिंगमध्ये, म्हणजे कोरलेल्या दातेरी नक्षीत, आणि मधल्या खाचेत वितळलेलं प्लास्टिक शिरायला हवं, तेच थंड होऊन पकड देतं. नर्लिंग इन्सर्टला फिरू देत नाही आणि आडवी खाच त्याला वर निघू देत नाही. भोक मोठं झालं तर खाच रिकामी राहते, इन्सर्ट बसताना अगदी गुळगुळीत जातो, आपण खूश, आणि पहिल्यांदा घट्ट पिळलं की फिरायला लागतो. भोक लहान झालं तर उलटं, जास्तीचं प्लास्टिक वर येऊन तोंडाभोवती कडं तयार होतं, बॉस बाहेरून फुगतो, कधी थरांच्या रेषेत चीर जाते.

आता गंमत ही की कॅडमध्ये ४.० काढलं म्हणून प्रिंटमध्ये ४.० येईलच असं नाही, एफडीएममध्ये लहान भोकं बहुतेकदा एक-दोन दशांश मिमीने आवळून येतात. ओपनस्कॅड हा कोड लिहून मॉडेल काढायचा प्रोग्राम वापरणाऱ्यांचा अजून एक घोळ होतो, तिथे वर्तुळ म्हणजे खरं तर बहुभुज असतो. काही न सांगता `d=4` चं सिलिंडर काढलं तर सातच बाजू मिळतात आणि सपाट बाजूपर्यंत मोजलं तर भोक ३.६ मिमीच भरतं. म्हणून `$fn`, म्हणजे बाजूंची संख्या, द्यायचीच.

```
difference() {
  cylinder(d=7.6, h=10, $fn=64);
  translate([0,0,2])
    cylinder(d=4.0, h=8.1, $fn=64);
}
```

यावर खरा उपाय एकच, त्याच फिलामेंटमध्ये, त्याच सेटिंगवर ३.९ ते ४.२ पर्यंत एक एक दशांशाने वाढणाऱ्या भोकांची छोटी पट्टी प्रिंट करायची, सगळ्यांत इन्सर्ट बसवायचे, थंड झाल्यावर स्क्रू पिळून बघायचं. कडं न येता जो पक्का बसला तो आकडा आपला.

खोली

इन्सर्ट ५.७ मिमी म्हणून भोकही ५.७ केलं की फसलं. इन्सर्ट खाली जाताना थोडं प्लास्टिक पुढे ढकलतो, ते तळाशी साचतं, आणि त्याला जागा नसेल तर ते इन्सर्टच्या आतल्या आट्यांत वर चढतं, मग स्क्रू अर्ध्यावर अडतो. किती साचेल याचा वाईटात वाईट हिशोब करता येतो. ४.६ आणि ४.० व्यासांमधल्या कड्याचं आकारमान ५.७ लांबीला साधारण २३ घन मिमी होतं, ते सगळंच्या सगळं खाली गेलं तर ४ मिमीच्या भोकात १.८ मिमीचा थर बसेल. प्रत्यक्षात बरंच खाचेत मुरतं, पण जागा पुरेशी ठेवलेली बरी, म्हणून आपलं भोक ८ मिमी खोल.

दुसरा हिशोब स्क्रूचा. झाकण ३ मिमी आहे, ८ मिमी लांब स्क्रू घेतला तर ५ मिमी आत जातो, म्हणजे जवळजवळ सगळे आटे पकडले, छान. १० मिमीचा घेतला तर ७ मिमी आत जाईल, खाली साचलेल्या प्लास्टिकला टेकू शकतो, आणि टेकल्यावरही पिळत राहिलं की स्क्रू जॅकसारखा इन्सर्टलाच वर उचलतो. झाकण अजून सैल आणि स्क्रू मात्र कडक लागतोय असं वाटलं तर आधी हाच संशय घ्यावा.

भोवतालची भिंत

या मापाच्या इन्सर्टला भोवती निदान १.६ मिमी भिंत हवी असं धरतात, म्हणजे बॉस कमीत कमी ७.२ मिमी. पण नॉझलच्या रेषेचा हिशोब लावला तर अजून नीट जमतं. रेष ०.४५ मिमी असेल तर चार रेषा १.८ मिमी होतात, म्हणून ४.० अधिक दोनदा १.८ म्हणजे ७.६ मिमी. स्लायसरमध्ये, म्हणजे मॉडेलचे थर पाडणाऱ्या प्रोग्राममध्ये, दोन पेरिमीटर म्हणजे कडेच्या दोनच रेषा ठेवल्या तरी दोन आतून दोन बाहेरून अशी भिंत पूर्ण भरीव होते, मध्ये पोकळ फट राहत नाही. बॉस जाडजूड केला किंवा मोठ्या ठोकळ्यात नुसतं भोक पाडलं की मात्र भोकाभोवती दोन रेषा आणि त्यामागे १५ टक्के इन्फिल म्हणजे आतली विरळ जाळी एवढंच उरतं, वितळवताना ती पातळ भिंत मागे सरकते. दिसायला ठोकळा दणकट, आत हवा! अशा ठिकाणी पेरिमीटर चार करायचे, आणि भोकाखाली दीड-दोन मिमी भरीव तळ सोडायचा.

उभा छापलेला बॉस बहुतेकदा बुडातून मोडतो, इन्सर्ट निघायच्या आधीच, कारण स्क्रूची ओढ थेट थरांच्या जोडावर येते. बुडाला १-२ मिमी फिलेट म्हणजे गोलाई द्यावी आणि जमलं तर एका रिबने, म्हणजे पातळ आधारपट्टीने, बॉस डब्याच्या भिंतीला जोडावा. भोक आडवं छापावं लागलं तर छत ओघळून भोक लंबगोल होतं आणि इन्सर्ट तिरका जातो, तेव्हा पार्ट फिरवून छापणंच बरं.

झाकणाचं भोक आणि बसवणं

झाकणातलं भोक ३.४ मिमी पुरे. ते इन्सर्टच्या ४.६ पेक्षा मोठं केलं तर झाकण इन्सर्टवर टेकतच नाही, नुसत्या प्लास्टिकवर टेकतं, आणि स्क्रू आवळला की इन्सर्ट त्या मोकळ्या भोकात वर ओढला जातो. इन्सर्ट बॉसच्या वर उभा राहिला तर झाकण बसत नाही, म्हणून शेवटचा थोडा भाग बाकी असताना आयर्न काढून सपाट धातूच्या पट्टीने दाबतात आणि थंड होईपर्यंत पट्टी तशीच धरतात. आयर्न पीएलएला साधारण २२० अंश आणि एबीएसला २६० च्या आसपास ठेवतात. जोर लावायचा नाही, वजनानेच खाली गेला पाहिजे. जोर लावावा लागतोय म्हणजे एकतर तापमान कमी किंवा भोक लहान.

हे सगळं वितळणाऱ्या प्लास्टिकचं झालं. रेझिन प्रिंटरवरचे पार्ट वितळतच नाहीत, गरम इन्सर्ट दाबला की तडकतात किंवा करपतात, तिथे भोक इन्सर्टपेक्षा किंचित मोठं ठेवून इपॉक्सीने चिकटवतात.